मोजायचे थोडे, तोलायचे सगळे

लहान कारखान्याच्या स्टोअरमध्ये स्क्रूचे खोके येते. बिलावर ५००० नग लिहिलेले असतात. स्क्रू तीन मिलिमीटर जाडीचे आणि आठ मिलिमीटर लांबीचे, म्हणजे बोटांच्या चिमटीत जेमतेम मावणारे. एवढे नग हाताने मोजायला अर्धा दिवस जाईल आणि मोजताना चूक होईल ती वेगळीच. म्हणून थोडे स्क्रू मोजून त्यांचे वजन करायचे, त्यावरून एका स्क्रूचे वजन काढायचे आणि खोक्यातल्या मालाच्या वजनाला त्याने भागायचे. रीत सोपी आहे. पण उत्तर किती विश्वासाचे, हे बहुतेक वेळा त्या मोजलेल्या मूठभर स्क्रूंवर ठरते.

समजा, भरलेले खोके ३५३३ ग्रॅम भरले आणि रिकामे ११८ ग्रॅम. म्हणजे माल ३४१५ ग्रॅमचा. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आहे. दहा स्क्रू मोजून ठेवले, काट्याने ७ ग्रॅम दाखवले. एका स्क्रूचे वजन ०.७ ग्रॅम, म्हणून खोक्यात ४८७९ नग. शंभरावर कमी! पुरवठादाराला फोन लावण्याआधी इथे थांबायला हवे. खरे वजन ६.५ पासून ७.५ ग्रॅमपर्यंत काहीही असले, तरी हा काटा ७ च दाखवणार. खोक्याच्या वजनात अर्ध्या ग्रॅमची चूक नगण्य असते. दहा स्क्रूंच्या वजनात तीच चूक सात टक्के होते आणि भागाकारातून तशीच्या तशी संपूर्ण खोक्यावर पसरते.

आता २०० स्क्रू मोजा. काटा १३७ ग्रॅम दाखवतो, एका स्क्रूचे ०.६८५. उत्तर येते ४९८५. इथेही अर्ध्या ग्रॅमची शंका आहेच, पण ती हिशेबात धरली तर खरा आकडा ४९६७ ते ५००४ यांच्यामध्ये कुठेतरी असणार. बिल खोटे ठरवायला आता काही आधार उरत नाही.

दोनशे मोजायचा कंटाळा असेल आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा हाताशी असेल, तर एक फार सुंदर युक्ती आहे. पन्नासच स्क्रू नीट मोजा. समजा ३४.२ ग्रॅम भरले, म्हणजे एकाचे ०.६८४. मग त्यांच्यात न मोजता आणखी मूठ-दोन मुठी टाका. काटा १७०.८ दाखवतो. भागाकार येतो २४९.७. स्क्रू काही तुकड्यांत नसतात, तेव्हा ते २५० आहेत असे धरता येते. आता १७०.८ ला २५० ने भागा: ०.६८३२. न मोजताच नमुना पाचपट झाला आणि खोक्याचे उत्तर ४९९८ च्या आसपास आले. नग मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यांमध्येही अशी सोय असते. भागाकार मात्र पूर्ण आकड्याच्या जवळ यायला हवा. २४९.५ आले तर २४९ की २५० हे सांगता येत नाही. अशा वेळी थोडे स्क्रू काढून घ्यायचे किंवा सरळ मोजायचे. एकदम फार मोठी मूठ टाकली, तर चूक अर्ध्या स्क्रूच्या पुढे जाते आणि युक्ती फसते.

काटा दोन टक्के जास्त दाखवत असेल तर? नमुना आणि खोके दोन्ही त्याच काट्यावर तोलले असतील तर फारसे बिघडत नाही, कारण दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात वाढतात आणि भागाकारात ती वाढ निघून जाते. नमुना छोट्या काट्यावर आणि खोके मोठ्यावर तोलले, की ही सवलत संपते. म्हणून आधी एकच वस्तू दोन्ही काट्यांवर ठेवून आकडे जुळतात का ते पाहावे. काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का, हे मात्र दोन्ही प्रकारांत पाहावेच लागते. तिथली एका ग्रॅमची चूक भागाकारात जात नाही. खोक्याला ती जाणवत नाही, नमुन्याला मात्र जड जाते.

नमुना कुठून घेतला यालाही महत्त्व आहे. तेल लावलेल्या मालात तेल तळाशी उतरते. फक्त वरचे कोरडे स्क्रू घेतले तर एकाचे वजन कमी भरते आणि नग जास्त निघतात. म्हणून वरून, मधून, तळातून थोडे थोडे घ्यावेत. मोजतानाची चूकही लहान समजू नये. शंभर म्हणून एकशे एक ठेवले, की पाच हजारांत पन्नासाचा फरक पडतो.

सगळ्यात फसवा असतो तो मिसळलेला माल. दोन मिलिमीटर लांब स्क्रू सुमारे बारा टक्के जड असतो, पण ढिगात डोळ्याला वेगळा दिसत नाही. यासाठी खोक्याच्या वेगळ्या कोपऱ्यातून आणखी पन्नास मोजून छोट्या काट्यावर ठेवावेत. पहिल्यांदा ३४.२ आणि आता ३५ ग्रॅम आले, तर आधी मोजणी पुन्हा करावी. स्क्रू पन्नासच निघाले, तर ते टेबलावर डोक्यावर उभे करून उंची पाहावी. त्या पन्नासांत दहा लांब स्क्रू असले तरी वजनात एवढा फरक पडतो. अशा खोक्याचा हिशेब माल निवडून वेगळा केल्याशिवाय वजनावरून करता येत नाही.