‘है’पासून ‘चाहिए’पर्यंत

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाच्या ‘अ ट्रीटिज ऑफ ह्यूमन नेचर’ या ग्रंथाचा नीतीविषयीचा तिसरा खंड १७४० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या सुरुवातीच्या प्रकरणाच्या अगदी शेवटी एक छोटा परिच्छेद आहे. नीतिशास्त्रात आजही ज्यावर वाद चालतो, असा तो परिच्छेद आहे.

ह्यूमचे म्हणणे थोडक्यात असे. नीतीवर लिहिणारे लेखक आधी गोष्टी कशा आहेत ते सांगतात: देव आहे, माणसांचा स्वभाव असा आहे. मग बोलता बोलता ‘आहे’ची वाक्ये संपतात आणि ‘असायला हवे’ची सुरू होतात. हा बदल सहसा लक्षात येत नाही. पण तो अतिशय महत्त्वाचा आहे. कारण ‘हवे’ हे नवेच नाते आहे, आणि ते आधीच्या, अगदी वेगळ्या नात्यांतून कसे निघाले याचे कारण लेखकाने दिले पाहिजे. ते तसे निघू शकेल, हे ह्यूमला कल्पनेपलीकडचे वाटते.

या परिच्छेदाचे दोन हिंदी अनुवाद माझ्यापुढे होते. विद्यार्थ्यांच्या वाचनसंचासाठी त्यांतला एक निवडायचा आणि दुरुस्त करायचा होता. पहिला वाचायला सुरेख होता. वाक्ये छोटी, शब्द बोलीतले, कुठे अडखळायला होत नाही. दुसरा जड होता. ह्यूमचे लांबलचक वाक्य त्याने तसेच लांब ठेवले होते, आणि पारिभाषिक शब्दांची दाटीही होती. दोन वाक्ये वाचूनच माझे मत पहिल्याकडे झुकले. मूळ इंग्रजी शेजारी ठेवून वाचू लागल्यावर ते बदलले.

या परिच्छेदाचा सगळा जीव दोन क्रियापदांतल्या फरकात आहे. इंग्रजीत एका बाजूला ‘इज’ आणि दुसऱ्या बाजूला ‘ऑट’, असे दोन वेगळे शब्द आहेत. हिंदीत अडचण अशी की ‘है’ दोन्ही बाजूंना जाऊ शकतो. ‘घर बड़ा है’ हे वर्णन झाले. पण ‘सच बोलना है’ या वाक्यात तोच ‘है’ करायच्या गोष्टीबद्दल बोलतो. मराठीतही ‘घर मोठे आहे’ आणि ‘मला जायचे आहे’ यांत ‘आहे’ असाच दोन कामे करतो. पहिल्या अनुवादकाने बोलीची सहजता साधायला ‘ऑट’साठी ‘करना है, नहीं करना है’ अशी रचना घेतली होती. हिंदी म्हणून त्यात काही चूक नाही. पण त्यामुळे ह्यूम ज्या उडीकडे बोट दाखवतो ती उडीच कागदावरून गेली. आधीही ‘है’, नंतरही ‘है’. मग बदल झाला कुठे, असेच वाचक विचारणार.

दुसऱ्या अनुवादात एकीकडे ‘है’ आणि दुसरीकडे ‘होना चाहिए’ असे होते. ‘चाहिए’ हाही निर्दोष शब्द नाही. तो ‘चाहना’ या क्रियापदाच्या कुळातला, त्यामुळे त्याला इच्छेचा वास आहे. ‘मुझे पानी चाहिए’ म्हणताना कर्तव्याचा संबंधच नसतो. त्याऐवजी ‘कर्तव्य है’ किंवा ‘उचित है’ म्हणता येईल का, हेही मी तपासले. दोन्हींच्या शेवटी ‘है’ परत येतो. वर्तमानकाळात ‘चाहिए’ मात्र ‘है’च्या आधाराशिवाय वाक्य पूर्ण करतो, आणि इथे नेमके तेच हवे आहे.

पहिल्या अनुवादात आणखी एक गोष्ट गळाली होती. ह्यूम त्या निघण्याबद्दल ‘अशक्य आहे’ असे ठाम विधान करत नाही. तसे ‘वाटते’ म्हणतो आणि कारण मागतो. पहिल्या अनुवादकाने वाक्य तोडून छोटे केले, तेव्हा हे ‘वाटते’ आणि कारणाची मागणी दोन्ही निसटली. उरले ते सरळ फर्मान: तथ्यातून नीती निघूच शकत नाही. पुढच्या अनेकांनी ह्यूमच्या नावावर हेच मत खपवले हे खरे; पण परिच्छेदाचे शब्द त्याहून सावध आहेत.

दुसऱ्या अनुवादातही चुका होत्या, आणि त्या ढोबळ होत्या. बदल ‘लास्ट कॉन्सिक्वेन्स’चा आहे, असे ह्यूम लिहितो. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत याचा अर्थ ‘अत्यंत महत्त्वाचा’. अनुवादकाने ‘अंतिम परिणाम’ लिहिले होते. परिच्छेदाच्या शेवटी ह्यूम प्रचलित नीतिपद्धतींना ‘व्हल्गर’ म्हणतो, म्हणजे सर्वसामान्य लोकांत रूढ असलेल्या. अनुवादात त्या ‘अश्लील’ झाल्या होत्या.

मग निवडायचा कोणता? मी एक साधी परीक्षा घेतली. इंग्रजी मूळ न वाचलेल्या दोन हिंदी वाचकांना एकेक अनुवाद दिला आणि ह्यूम काय म्हणतो ते आपल्या शब्दांत सांगायला लावले. पहिला अनुवाद वाचणाऱ्याने न थांबता सांगितले: नीतीला काही आधार नाही, असे हा माणूस म्हणतो. ते चूक होते, पण त्याला कुठेही शंका आली नव्हती. दुसरा वाचणारी ‘अश्लील’पाशी थांबली, ‘अंतिम परिणाम’पाशी पुन्हा थांबली, आणि म्हणाली, ‘हे दोन शब्द इथे बसत नाहीत.’ पण वर्णनाच्या वाक्यांतून कर्तव्याचे वाक्य कसे आले याचा हिशेब ह्यूम मागतो आहे, हे तिने बरोबर सांगितले.

माझा निर्णय इथे झाला. दुसऱ्या अनुवादाच्या चुका शब्दांच्या होत्या. त्या मोजता येत होत्या, बोट ठेवून बदलता येत होत्या. पहिल्याच्या चुका रचनेत मुरलेल्या होत्या. त्या काढायच्या तर वाक्ये नव्याने बांधावी लागतील, म्हणजे तो अनुवाद नव्यानेच करावा लागेल.

दुसरा अनुवाद हाती घेतल्यावर ‘अंतिम परिणाम’च्या जागी ‘अत्यंत महत्त्वपूर्ण’ आले, ‘अश्लील’च्या जागी ‘प्रचलित’. परिच्छेदात कुठेही ‘करना है’सारखी रचना राहिली नाही ना, हे पाहिले. लांब वाक्य दोन ठिकाणी तोडले, पण ‘वाटते’ आणि कारणाची मागणी एकाच वाक्यात ठेवली. सुरुवातीच्या ओळीची सहज वळणे मात्र पहिल्या अनुवादावरून घेतली. तिथे तो खरोखर सरस होता.

सगळ्यांत जास्त वेळ ‘डिडक्शन’ने घेतला. दुसऱ्या अनुवादात त्यासाठी ‘निगमन’ होते. तर्कशास्त्राच्या हिंदी पुस्तकांत तोच शब्द असतो. पण तत्त्वज्ञ अलास्डेअर मॅकिंटायर यांनी १९५९ साली एका लेखात असे मांडले की ह्यूमच्या काळी हा शब्द कुठल्याही अनुमानासाठी वापरत, फक्त काटेकोर तार्किक निष्कर्षासाठी नव्हे. इतर अभ्यासकांना हे पटलेले नाही. ‘निगमन’ ठेवला की अनुवादक या वादात आधीच एका बाजूला उभा राहतो, आणि वाचकाला वाद असल्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून मजकुरात ‘से निकल सकता है’ असे मोकळे क्रियापद ठेवले आणि वादाबद्दल दोन ओळींची तळटीप दिली.

सुधारलेला परिच्छेद पहिल्या अनुवादाइतका गोड आजही वाचत नाही. पण त्यात ‘है’ संपून ‘चाहिए’ सुरू होते ती जागा वाचकाला दिसते, आणि हा परिच्छेद लिहिला गेला तो तीच जागा दाखवण्यासाठी.