दोन रकान्यांत न मावणारी दुरुस्ती

सीएच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत दुरुस्तीची टिपणं बहुतेक एकाच साच्याची असतात: डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘आता’. २०२४च्या वित्त कायद्याने भांडवली नफ्याच्या करात केलेला बदल या साच्यात अगदी सहज बसतो. इंडेक्सेशनसह २० टक्के होते, ते इंडेक्सेशनशिवाय साडेबारा झाले. तारीख २३ जुलै २०२४. मात्र या दोन रकान्यांत खरी अडचण दिसत नाही. बदल आर्थिक वर्षाच्या मधोमध आला, त्यामुळे २०२४-२५ साठी डावा रकानाही चालू कायदाच होता. शिवाय दुरुस्तीतला प्रत्येक तुकडा त्याच तारखेला बांधलेला नव्हता. म्हणून कोणती घटना कोणता नियम ओढून आणते, हे लिहायला तिसरा रकाना हवा, असं माझं म्हणणं आहे.

एक फ्लॅट घेऊ. खरेदी २०१२-१३ मध्ये ४० लाखांना, विक्री ऑक्टोबर २०२४ मध्ये ९० लाखांना. नव्या दराने नफा ५० लाख आणि कर सव्वासहा लाख (सरचार्ज व सेस बाजूला ठेवू). पण मालक निवासी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल आणि मालमत्ता २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली असेल, तर जुन्या पद्धतीचा करही काढून पाहायचा. निर्देशांक २०० वरून ३६३ वर गेला, म्हणून खरेदी किंमत ७२ लाख ६० हजार होते, नफा १७ लाख ४० हजार आणि २० टक्क्यांनी कर ३ लाख ४८ हजार. वरचा कर सोडून दिला जातो. हाच फ्लॅट कंपनीचा असता तर सव्वासहा लाख मुकाट्याने भरावे लागले असते. म्हणजे ही सवलत ठरते ती विक्रेता कोण आणि खरेदी कधीची यावर.

आता विक्री किंमत ७० लाख धरा. इंडेक्सेशनने २ लाख ६० हजारांचा तोटा दिसतो, म्हणून निवासी व्यक्तीचा कर शून्य. इथेच उत्तरं घसरतात, कारण विद्यार्थी हा तोटा पुढच्या वर्षात ओढतो. तसं करता येत नाही. सवलत फक्त कराच्या रकमेला कमाल मर्यादा घालते. कायद्याच्या हिशेबात नफा ३० लाखच राहतो. हाच व्यवहार १० जुलैला झाला असता तर तोटा खरा ठरून आठ वर्षं पुढे नेता आला असता. ‘जुना किंवा नवा, जो कमी तो’ ही वहीतली ओळ करापुरती खरी आहे, उत्पन्नाच्या गणनेला ती लागू नाही.

शेअरबाजारातल्या नफ्याचं याहून विचित्र आहे. कलम ११२ए खाली दर २३ जुलैपासून १० वरून साडेबारा झाला, पण करमुक्त मर्यादा एक लाखावरून सव्वा लाख झाली ती संपूर्ण वर्षासाठी. जूनमधल्या नफ्याला एक लाख आणि नोव्हेंबरमधल्या नफ्याला सव्वा लाख अशी वाटणी करणारा दोन रकान्यांच्या तक्त्यालाच फसलेला असतो. वर्षाला सव्वा लाख एकदाच, आणि ते जास्त दराच्या नफ्यातून आधी वजा करणं करदात्याच्या फायद्याचं.

कंपनी कायद्यात गोष्ट उलटी होते. तिथे न बदललेला भाग दगा देतो. लहान कंपनीची मर्यादा १५ सप्टेंबर २०२२ पासून भरणा भांडवल ४ कोटी आणि उलाढाल ४० कोटी झाली. आधी ती २ आणि २० कोटी होती. भांडवल ३ कोटी आणि आधीच्या वर्षाची उलाढाल ३० कोटी असलेली कंपनी त्या दिवशी लहान ठरली, असं टिपण सांगतं. ती कुणाची उपकंपनी असेल तर मात्र आकडे कितीही छोटे असले तरी ती लहान ठरत नाही. हा अपवाद आधीही होता, आताही आहे, म्हणून तुलनेच्या तक्त्यात तो येतच नाही.

यावर म्हणतील, परीक्षेच्या आदल्या रात्री एवढं कोण वाचणार? दोन रकाने उजळणीला पुरतात. निव्वळ दर विचारले तर पुरतात. पण आता ३० टक्के गुण बहुपर्यायी प्रश्नांना आहेत, त्यांत प्रसंग देऊन विचारलं जातं, आणि प्रसंगात तारीख व विक्रेता मुद्दाम पेरलेले असतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे: मेलेला कायदा किती दिवस जपायचा? याचं उत्तरही तिसरा रकानाच देतो. २०२५-२६च्या हिशेबात ११२एचा १० टक्के दर कुठल्याच घटनेला लागत नाही, तेव्हा तो सरळ खोडावा. जमीन आणि इमारतीचा २० टक्के दर मात्र कराची मर्यादा ठरवायला अजून लागतो, तो ठेवावा.

आणि परीक्षेची स्वतःची एक तारीख असते. कंपनी कायद्यासाठी मे महिन्याच्या परीक्षेला आधीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंतचेच बदल, असा प्रघात आहे. लहान कंपनीची मर्यादा १ डिसेंबर २०२५ ला १० आणि १०० कोटींवर गेली. कंपनीच्या कामकाजात ती त्याच दिवशी लागू झाली. मे २०२६ च्या उत्तरपत्रिकेत या प्रघाताप्रमाणे ४ आणि ४० कोटीच, म्हणून संस्थेचं लागू तरतुदींचं सूचनापत्र पाहूनच ‘आता’चा रकाना भरावा.