एक लेख, तीन नोंदी

पदवीच्या पहिल्या वर्षात विद्यार्थ्याची गाठ संदर्भ देण्याच्या तीन पद्धतींशी पडते. मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांत एपीए पद्धत चालते, वैद्यकात क्रमांकांची व्हँकुव्हर पद्धत, तर इतिहासात तळटिपांची शिकागो पद्धत. तिन्हींत दिली जाणारी माहिती जवळपास एकच असते: लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, वर्ष आणि पाने. फरक पडतो तो या घटकांच्या क्रमात आणि त्यांच्यामधल्या विरामचिन्हांत.

हा फरक एकाच उदाहरणावर तपासता येतो. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’च्या अंकात डीएनएच्या रचनेवर तीन लेख पाठोपाठ छापले गेले. पहिला वॉटसन आणि क्रिक यांचा, दुसरा विल्किन्स, स्टोक्स आणि विल्सन यांचा, तिसरा फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांचा. पहिला लेख खंड १७१, अंक ४३५६ मध्ये पाने ७३७ ते ७३८ वर आहे. प्रत्यक्षात या नोंदी रोमन लिपीत होतात. इथे अक्षरे देवनागरी आहेत, विरामचिन्हे मात्र मूळचीच.

एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन. या पद्धतीची पहिली नियमावली १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पहिल्या लेखाची नोंद अशी होते:

वॉटसन, जे. डी., & क्रिक, एफ. एच. सी. (१९५३). मॉलिक्युलर स्ट्रक्चर ऑफ न्यूक्लिइक ॲसिड्स: अ स्ट्रक्चर फॉर डीऑक्सिरायबोज न्यूक्लिइक ॲसिड. नेचर, १७१(४३५६), ७३७–७३८.

वर्ष लेखकांच्या लगेच मागे, कंसात येते. सामाजिक शास्त्रांत निष्कर्ष किती जुना आहे हे वाचकाला आधी कळावे लागते, म्हणून मजकुरातही आडनाव आणि वर्ष हीच जोडी दिसते: (वॉटसन & क्रिक, १९५३). वाक्याचा पूर्णविराम या कंसानंतर येतो. शब्दशः अवतरण घेतले तर कंसात पानाचा आकडाही द्यावा लागतो. लेखक तीन किंवा अधिक असतील, तर मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून फक्त पहिले आडनाव आणि ‘एट अल.’ लिहायचे, दुसऱ्या लेखाचा उल्लेख म्हणून (विल्किन्स एट अल., १९५३) असा होतो. शेवटच्या यादीत मात्र तिघांची नावे येतात. नोंदीत आद्याक्षरांनंतर टिंब आणि मग मोकळी जागा असते. लेखाच्या शीर्षकात पहिला शब्द, अपूर्णविरामानंतरचा शब्द आणि विशेषनामे एवढ्यांचीच सुरुवात मोठ्या अक्षराने होते. नियतकालिकाचे नाव आणि खंडाचा आकडा तिरक्या ठशात असतात, अंक नसतो.

यादी आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने लागते: फ्रँकलिन, वॉटसन, विल्किन्स. लेख अंकात कोणत्या क्रमाने आले किंवा मजकुरात आधी कोणाचा उल्लेख झाला, याचा इथे संबंध नसतो. वॉटसन आणि क्रिक यांचा आणखी एक लेख ‘नेचर’मध्ये ३० मे १९५३ ला आला. दोन्ही वापरले, तर वर्षापुढे ए आणि बी ही अक्षरे जोडावी लागतात, आणि ती शीर्षकाच्या वर्णक्रमानुसार मिळतात. मे महिन्यातल्या लेखाचे शीर्षक ‘जेनेटिकल’ या शब्दाने, म्हणजे जी या अक्षराने सुरू होते, म्हणून नंतरचा असूनही ए त्याला मिळतो. एप्रिलच्या लेखाचे शीर्षक एम या अक्षराने सुरू होत असल्याने त्याच्याकडे बी येतो.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक गट १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरला होता. त्यावरून क्रमांक पद्धतीला हे नाव मिळाले. तोच लेख इथे असा लिहिला जातो:

१. वॉटसन जेडी, क्रिक एफएचसी. मॉलिक्युलर स्ट्रक्चर ऑफ न्यूक्लिइक ॲसिड्स: अ स्ट्रक्चर फॉर डीऑक्सिरायबोज न्यूक्लिइक ॲसिड. नेचर. १९५३;१७१(४३५६):७३७-८.

इथे जागेची काटकसर दिसते. आद्याक्षरे टिंबांविना जोडून येतात, ‘आणि’चे चिन्ह नाही, आडनावानंतर स्वल्पविराम नाही, तिरका ठसा नाही. वर्ष नियतकालिकाच्या नावानंतर येते, मग अर्धविराम, खंड, कंसात अंक, अपूर्णविराम आणि पाने. या शेवटच्या साखळीत कुठेही मोकळी जागा सोडायची नाही. पानांच्या दुसऱ्या आकड्यातला बदललेला भागच लिहिण्याचा प्रघात आहे.

मजकुरात फक्त क्रमांक येतो, आणि तो पहिल्या उल्लेखाच्या क्रमाने ठरतो. लेखनात आधी वॉटसन, मग विल्किन्स, मग फ्रँकलिन आले, तर त्यांना १, २, ३ मिळतात आणि यादीही त्याच क्रमाने लागते. पाच पानांनंतर वॉटसनचा लेख पुन्हा वापरला तरी क्रमांक १ च राहतो. हा क्रमांक कंसात द्यायचा की ओळीच्या वर, विरामचिन्हाआधी की नंतर, हे प्रत्येक नियतकालिक आपल्या सूचनांत सांगते.

तळटिपांच्या शिकागो पद्धतीत मजकुरात विरामचिन्हानंतर ओळीच्या वर क्रमांक टाकून पानाच्या तळाशी टीप लिहिली जाते:

१. जे. डी. वॉटसन आणि एफ. एच. सी. क्रिक, “मॉलिक्युलर स्ट्रक्चर ऑफ न्यूक्लिइक ॲसिड्स: अ स्ट्रक्चर फॉर डीऑक्सिरायबोज न्यूक्लिइक ॲसिड,” नेचर १७१, क्र. ४३५६ (१९५३): ७३७.

टीप एका वाक्यासारखी चालते. नाव नेहमीच्या क्रमाने, आधी आद्याक्षरे आणि मग आडनाव. घटक मुख्यतः स्वल्पविरामांनी जोडलेले आणि पूर्णविराम अगदी शेवटी. लेखाचे शीर्षक अवतरणचिन्हांत असते, त्यातील मुख्य शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतात आणि स्वल्पविराम अमेरिकन रिवाजाप्रमाणे अवतरणचिन्हाच्या आत येतो. शेवटी संपूर्ण लेखाची पाने नसून, जिथला आधार घेतला तेवढेच पान दिलेले असते. अभिलेखागारातील कागद किंवा जुनी पत्रे यांचे स्वरूप ठरावीक साच्यात बसत नाही आणि त्यांवर दोन वाक्यांचा खुलासाही लागतो. त्याला टिपेत जागा मिळते.

इथला क्रमांक स्रोताचा नसतो, टिपेचा असतो. म्हणून तोच लेख पुन्हा आला तर नवा क्रमांक आणि आखूड टीप येते: ४. वॉटसन आणि क्रिक, “मॉलिक्युलर स्ट्रक्चर,” ७३८. ग्रंथसूचीत मात्र वर्णक्रम लागतो, म्हणून पहिल्या लेखकाचे आडनाव पुढे येते आणि मुख्य स्वल्पविरामांची जागा पूर्णविराम घेतात: वॉटसन, जे. डी., आणि एफ. एच. सी. क्रिक. दुसऱ्या लेखकाचे नाव उलटवत नाहीत.

नोंद कोणत्या पद्धतीची आहे हे ओळखायला वर्षाची जागा पुरते: लेखकांमागे कंसात असेल तर एपीए, नियतकालिकामागे अर्धविरामाआधी असेल तर व्हँकुव्हर, खंड-अंकानंतर कंसात असेल तर शिकागो. चुकाही यातूनच सापडतात. व्हँकुव्हरच्या यादीत वर्ष कंसात दिसले किंवा आद्याक्षरांमागे टिंबे दिसली, तर ती नोंद एपीएच्या यादीतून तशीच उचललेली असते. व्हँकुव्हरची यादी वर्णक्रमाने लागलेली असेल, तर क्रमांक हाताने नंतर टाकलेले असण्याची शक्यता असते. मजकुरात १ च्या आधी ७ दिसला की ते उघड होते. मधल्या परिच्छेदात नवा संदर्भ घातला की तिथून पुढचे सर्व क्रमांक सरकतात, म्हणून क्रमांकांची पडताळणी लेखन पूर्ण झाल्यावर करावी लागते. एपीएत तपासणी वेगळी असते: मजकुरातील प्रत्येक आडनाव-वर्षाची जोडी यादीत सापडली पाहिजे, आणि यादीतील प्रत्येक नोंद मजकुरात. तळटिपांमध्ये पाहायचे ते पान: टिपेत ७३७–७३८ अशी सगळी पाने असतील, तर ती बहुधा ग्रंथसूचीतून उतरवलेली असते आणि आधाराचे नेमके पान शोधायचे राहिलेले असते.