पैसे वसूल झाले, पण पुढे काय?

छोट्या कारखान्यात नवी गुंतवणूक करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसे किती वर्षांत सुटतील? उत्तर जितकं लवकरचं, तितका व्यवहार चांगला मानला जातो. या हिशेबाला पेबॅक म्हणतात. तो तोंडी करता येतो आणि सगळ्यांना पटतो. पण त्यातून पैसा कधी परत येतो एवढंच कळतं. एकूण किती मिळेल, हे तो सांगत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत झाली तर चांगला प्रस्ताव हातचा जातो.

समजा, एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखानदाराकडे दहा लाख रुपये आहेत आणि समोर दोन पर्याय आहेत. पहिला, जुना टेम्पो घेऊन मालवाहतुकीला लावायचा. डिझेल, ड्रायव्हर आणि दुरुस्ती वजा जाता पहिली तीन वर्षं दरसाल चार लाख सुटतील. चौथ्या वर्षी उरलीसुरली कमाई आणि विक्री मिळून एक लाख येईल आणि तिथे टेम्पोचं काम संपेल. दुसरा पर्याय म्हणजे छपरावर सुमारे वीस किलोवॅटचं सौर संयंत्र बसवायचं. त्याने वीजबिलात, देखभाल वजा जाता, दरसाल दोन लाख वाचतील असं धरू. संयंत्र वीस वर्षं चालेल. फक्त बाराव्या वर्षी इन्व्हर्टर बदलायला दीड लाख लागतील.

टेम्पोचे पैसे अडीच वर्षांत सुटतात, सौर संयंत्राचे पाच वर्षांत. पेबॅकचा कौल अर्थातच टेम्पोला.

या हिशेबातली एक खोट चटकन दिसते. आजचा रुपया आणि पाच वर्षांनंतरचा रुपया त्यात एकाच भावाने मोजला जातो. आपल्या कारखानदाराला तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या कामात पैसे गुंतवून वर्षाला बारा टक्के मिळत असतील, तर वर्षभराने येणारा एक रुपया त्याच्यासाठी आज सुमारे ८९ पैशांचा असतो, कारण आज ८९ पैसे गुंतवले तर वर्षअखेर त्यांचा जवळपास एक रुपया होतो. तीन वर्षांनी येणारा रुपया आज ७१ पैशांचा आणि दहा वर्षांनी येणारा सुमारे ३२ पैशांचा. पुढची रक्कम अशी आजच्या भावात आणण्याला वटवणं म्हणतात आणि बारा टक्के हा इथे वटावाचा दर.

डिस्काउंटेड पेबॅक ही पद्धत नेमकी हीच दुरुस्ती करते. दर वर्षीची रक्कम आधी वटवायची आणि मग दहा लाख कधी भरून निघतात ते पाहायचं. टेम्पोच्या पहिल्या तीन वर्षांच्या बारा लाखांचे आजच्या भावात ९ लाख ६१ हजार होतात, म्हणून वसुली चौथ्या वर्षापर्यंत लांबते. सौर संयंत्राला आठ वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. दोन्ही आकडे वाढले, पण क्रम बदलला नाही. कौल पुन्हा टेम्पोलाच.

आता तिसरा हिशेब करू. त्याचं नाव निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजेच एनपीव्ही. यात वसुली झाली तिथे थांबायचं नाही. शेवटच्या वर्षापर्यंतची प्रत्येक आवक आणि प्रत्येक खर्च वटवायचा, सगळ्याची बेरीज करायची आणि त्यातून सुरुवातीची गुंतवणूक वजा करायची. टेम्पोची सगळी कमाई आजच्या भावात १० लाख २४ हजार भरते. म्हणजे एनपीव्ही २४ हजार. सौर संयंत्राची वीस वर्षांची बचत आजच्या भावात १४ लाख ९४ हजार होते, बाराव्या वर्षीच्या इन्व्हर्टरचा खर्च ३८ हजारांच्या आसपास. दहा लाख वजा जाता उरतात सुमारे साडेचार लाख.

कोणी म्हणेल, टेम्पो चार वर्षांतच संपतो, नंतर दुसरा घेता येईल की! रास्त शंका आहे. तसाच टेम्पो वीस वर्षांत पाच वेळा घेतला आणि दर वेळी तेवढीच कमाई झाली, तरी सगळ्यांची मिळून आजची किंमत साठ हजारांच्या पलीकडे जात नाही. सौर संयंत्राची आघाडी कायम राहते.

दोन्ही पेबॅक चुकले ते एकाच कारणाने. वसुली झाली की त्यांचा हिशेब बंद होतो. टेम्पोची कमाई त्यानंतर जवळपास संपते, तर संयंत्राची पुढे बारा वर्षं चालू राहते. वटावाने रकमांची किंमत सुधारली, पण वसुलीनंतरचा काळ डिस्काउंटेड पेबॅकलाही दिसत नाही.

त्या काळात फक्त नफाच दडलेला असतो असंही नाही. कधी मोठा खर्च दडलेला असतो. समजा, दहा लाख घालून खडीची खाण भाडेपट्ट्याने घेतली. चार वर्षं दरसाल चार लाख मिळतात आणि पाचव्या वर्षी करारानुसार खड्डा बुजवून जमीन परत करायला पाच लाख लागतात. वटवूनही पैसे सव्वातीन वर्षांच्या आत सुटतात. पण शेवटचा खर्च धरला की एनपीव्ही उणे ६९ हजार येतं. दोन्ही पेबॅकनी पसंत केलेला हा धंदा प्रत्यक्षात तोट्याचा आहे. म्हणून कुठल्याही प्रस्तावाच्या शेवटी मोठा खर्च येतो का, हे आधी विचारावं.

एनपीव्ही स्प्रेडशीटवर काढताना एक चूक वारंवार होते. NPV हे सूत्र यादीतली पहिली रक्कम एका वर्षाने येणार असं धरतं. त्यामुळे आजची गुंतवणूक यादीत न घालता बाहेर ठेवावी लागते. B1 मध्ये -1000000 आणि पुढच्या वीस खणांत वर्षावार रकमा असतील, तर सूत्र असं:

```
=B1+NPV(12%,B2:B21)
```

एनपीव्हीलाही मर्यादा आहेत. ते आपल्या अंदाजांवर उभं असतं, म्हणून अंदाज हलवून पाहावेत. वटावाचा दर अठरा टक्के धरला तर सौर संयंत्राचं एनपीव्ही पन्नास हजारांवर येतं आणि टेम्पो उणे ऐंशी हजारांच्या जवळ जातो. एकोणीस टक्क्यांच्या आसपास संयंत्राचाही फायदा संपतो. इतक्या व्याजाने पैसे उभे करावे लागत असतील तर तेही टाळलेलं बरं.

आणि इथेच डिस्काउंटेड पेबॅकचा खरा उपयोग कळतो. संयंत्राचा आठ वर्षांचा आकडा म्हणजे ते किमान किती काळ चाललं पाहिजे याची खूण. शेडचा भाडेकरार सहा वर्षांचाच असेल आणि संयंत्र काढून नेता येणार नसेल, तर साडेचार लाखांचं एनपीव्ही कागदावरच राहील. तसंच, कर्जाचे हप्ते तीन वर्षांत फेडायचे असतील तर दरसाल दोन लाखांची बचत त्यांना पुरणार नाही, हेही पाहावं लागतं. तेव्हा दोन पर्यायांतला अधिक फायद्याचा कोणता, हे एनपीव्हीवर ठरवावं. तो पेलवेल का आणि त्यासाठी किती वर्षं टिकून राहावं लागेल, हे मात्र पेबॅकला विचारावं.