फोटोतल्या नोंदवहीतला घसारा कसा पडताळायचा?

स्थिर मालमत्ता नोंदवहीच्या फोटोत हाताने लिहिलेले १ आणि ९ सहज गफलत करतात. अशा वेळी अंदाज न बांधता त्याच ओळीतले इतर आकडे पाहा.

समजा, एका यंत्राचे वर्षारंभीचे घसारा वजा जाता मूल्य ४,९०,००० रुपये वाटते. घसारा ६१,५०० आणि वर्षअखेरचे मूल्य ३,४८,५०० आहे. वर्षभरात खरेदी-विक्री नाही. मग अखेरच्या मूल्यात घसारा मिळवा. उत्तर येते ४,१०,०००. म्हणजे तो ९ नसून १ आहे. दराचा रकाना फोटोत कापला गेला असला, तरी ६१,५०० ला ४,१०,००० ने भागून दर मिळतो: १५ टक्के. प्राप्तिकर नियमांत सर्वसाधारण यंत्रसामग्रीचा दर हाच आहे.

संगणकाचा दर ४० टक्के. पण डिसेंबरात घेतलेल्या ६०,००० च्या संगणकावर १२,००० घसारा दिसला, तर ती चूक समजू नका. खरेदीच्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी असल्यास निम्माच दर लागतो.

ओळीतला हिशेब जुळला, तरी काम संपत नाही. सुरुवातीचा आकडाच चुकीचा उतरवलेला असेल, तर पुढचे गणित बिनचूक दिसते. म्हणून गेल्या वर्षीच्या विवरणपत्रातील अखेरच्या मूल्याशी तो ताडून पाहा. कंपनी कायद्यानुसारच्या नोंदवहीशी मात्र नको; तिथे घसारा मालमत्तेच्या उपयुक्त आयुष्यावर ठरतो.