आई-वडिलांच्या मोबाईलवरची अक्षरं मोठी करायचीत? दोन्ही पट्ट्या शेवटपर्यंत ओढू नका!

नेवासा तालुक्यातल्या एका गावातल्या आबांची गोष्ट. वय सत्तरीच्या पुढं. कृषी सेवा केंद्रात खताचे १,८५० रुपये मोबाईलवरून पाठवताना एक शून्य जास्त पडलं आणि १८,५०० गेले. दुकानदार ओळखीचा, त्यानं लगेच परत दिले. पण आबांनी मोबाईल खिशात टाकला तो टाकलाच. "मला त्यातलं काय बी दिसंना, उगं नको ती भानगड," असं म्हणून पुन्हा रोखीवर आले.

मुलगा चाकणला कंपनीत कामाला. दोन दिवसांच्या सुट्टीवर आला तेव्हा त्यानं सेटिंग्ज उघडली, अक्षरांची पट्टी शेवटपर्यंत ओढली, खालची दुसरी पट्टीही शेवटपर्यंत ओढली आणि परत गेला. आठवड्याभरात आबांचा फोन आला, "अरे, मोबाईल बिघडला. पैसे पाठवायचं बटणच गेलं."

बटण कुठं गेलं नव्हतं. ते स्क्रीनच्या खाली ढकललं गेलं होतं. बहुतेक घरांत नेमकी हीच चूक होते, म्हणून या दोन पट्ट्यांमधला फरक आधी समजून घ्यायला हवा.

अँड्रॉइड फोनमध्ये Settings मध्ये जाऊन Display उघडलं की Font size आणि Display size असे दोन पर्याय मिळतात. नव्या फोनमध्ये ते Display size and text या एकाच पानावर असतात. सॅमसंगमध्ये दुसऱ्याला Screen zoom म्हणतात. नावं कंपनीप्रमाणे थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत font टाईप करावं.

पहिली पट्टी फक्त अक्षरं वाढवते. दुसरी सगळंच वाढवते: चिन्हं, बटणं, रकाने, मधली मोकळी जागा. काच मात्र आहे तेवढीच राहते. त्यामुळं दुसरी पट्टी वाढवली की एका वेळी स्क्रीनवर मावणाऱ्या गोष्टी कमी होतात. सहा इंची मोबाईल जणू चार इंची होतो. त्यात खालून कीबोर्ड वर आला की ‘पुढे जा’चं बटण त्याच्या मागं लपतं. काही ॲपमध्ये पैसे घेणाऱ्याचं नावही अर्धवट दिसतं आणि पुढं तीन टिंबं येतात. पैशाच्या व्यवहारात हे बारीक अक्षरांपेक्षा जास्त धोक्याचं, कारण पिन टाकण्याआधी नाव आणि रक्कम वाचणं हीच माणसाच्या हातातली शेवटची तपासणी असते.

आबांच्या नातीनं, ती बारावीला आहे, हे दुरुस्त केलं. तिनं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. दुसरी पट्टी तिनं आधी मूळ जागी आणली. मग मोबाईल आबांच्याच हातात दिला. ते रोज बसतात त्या ओट्यावर, नेहमीचा चष्मा लावून, नेहमीच्या अंतरावर धरायला लावला. पट्टी एकेक टप्पा पुढं सरकवायची आणि विचारायचं, "आबा, आता वाचा." ‘दिसतंय का’ असं तिनं एकदाही विचारलं नाही. तसं विचारलं की म्हातारी माणसं ‘दिसतंय की’ म्हणून मोकळी होतात. मोठ्यानं वाचायला लावलं की खरं कळतं. तिनं बँकेचा मेसेज उघडून त्यातली रक्कम वाचायला सांगितली, कारण खरी गल्लत आकड्यांत होते. ३ आणि ८, ६ आणि ८ असे इंग्रजी आकडे धूसर नजरेला सारखेच वाटतात. चौथ्या टप्प्यावर आबा न अडखळता वाचू लागले. तिथं थांबून तिनं दुसरी पट्टी फक्त एक टप्पा वाढवली, ती बोट नीट बसावं म्हणून.

त्यानंतर तिनं पैसे पाठवायचं ॲप उघडलं आणि आबांकडून स्वतःच्या खात्यावर एक रुपया पाठवून घेतला. नाव पूर्ण दिसतं का, रक्कम दिसते का, बटण कीबोर्डच्या वर येतं का, हे त्या एका रुपयात कळलं. बटण दिसलं नसतं तर दुसरी पट्टी पुन्हा एक टप्पा मागं घ्यायची होती. ही एक रुपयाची परीक्षा सोडू नये.

त्याच पानावर Bold text असा एक पर्याय असतो. बारीक रेघा ज्यांना पुसट दिसतात त्यांना तो उपयोगी पडतो. पण मराठीत एक अडचण आहे. अक्षर लहान ठेवून नुसतं ठळक केलं तर आतल्या मोकळ्या जागा भरून येतात आणि ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ एकसारखे दिसू लागतात. म्हणून आधी मोठं, मग ठळक.

व्हॉट्सॲपला स्वतःची वेगळी पट्टी आहे. त्याच्या Settings मध्ये Chats, तिथं Font size, आणि त्यात Large. फोनची अक्षरं वाढवूनही मेसेज बारीक वाटत असतील तर इथं बघावं. फोटोतली अक्षरं मात्र कुठल्याच पट्टीनं वाढत नाहीत. सातबाऱ्याची पीडीएफ, लग्नाची पत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिशीचा फोटो हे सगळं दोन बोटांनी ताणूनच मोठं करावं लागतं. सातबारा वाचायचा तर मोबाईल आडवा धरावा, Auto-rotate चालू ठेवून.

स्क्रीन लवकर काळी होणं हेही वाचता न येण्याचं कारण असतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच फोनमध्ये ही वेळ ३० सेकंदांची असते. एकेक शब्द लावून वाचणाऱ्या माणसाचा मेसेज अर्ध्यात विझतो. Display मध्येच Screen timeout असतं, ते दोन मिनिटांवर ठेवावं. बॅटरी थोडी जास्त जाते, जाऊ द्यावी. आणि काचेवर चिकटवलेलं जुनं, ओरखड्यांनी पांढरं पडलेलं टफन ग्लास असेल तर ते आधी बदलावं. शेतात वापरणाऱ्याच्या मोबाईलला निम्मा फरक कधीकधी तिथंच पडतो.

Accessibility मध्ये Magnification म्हणून सोय आहे. ती चालू केली की तीन वेळा टिचकी मारून स्क्रीनचा हवा तो भाग मोठा करता येतो. ऐकायला छान, पण वयस्कर माणसाकडून चुकून तीन टिचक्या पडतात, स्क्रीन मोठीच राहते आणि पुन्हा ‘मोबाईल बिघडला’. असं झालं तर पुन्हा तीन टिचक्या मारल्या की पूर्ववत होतं. रोज चालवून दाखवणारं कुणी घरात नसेल तर ही सोय बंदच बरी. त्याच यादीतल्या TalkBack ला तर हात लावू नये. तो चालू झाला की मोबाईल बोलायला लागतो आणि एका टिचकीनं काहीच उघडत नाही. चुकून लागलाच तर आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून बघावीत. त्यानं गेला नाही तर एका टिचकीनं निवडायचं, दोन टिचक्यांनी उघडायचं आणि दोन बोटांनी पान सरकवायचं, असं करत तो सेटिंग्जमधून बंद करावा.

पट्ट्यांना एक मर्यादाही आहे. अक्षर मोठं होऊनही ते धुक्यातून पाहिल्यासारखंच राहिलं, किंवा रात्री दिव्याभोवती वलय दिसत असेल, तर मामला मोबाईलचा नाही, मोतीबिंदूचा असू शकतो. आबांचा उजवा डोळा झाकून त्यांना वाचायला लावलं तेव्हा ‘डाव्यानं समदं धुरकट’ असं त्यांनी सांगितलं. नातीनं चाकणला फोन लावला तो मग डोळे तपासायची तारीख ठरवायला.