अक्षर रेघेला टांगताना

मोठ्या माणसांच्या अक्षरवर्गात नवीन कुणी आलं की मी आधी एवढंच बघते, की हा माणूस रेघेच्या वर लिहितो की खाली. बहुतेक जण वर लिहितात. एकेरी वहीची छापील रेघ पायाखाली घेऊन तिच्यावर अक्षरं उभी करत जातात. इंग्रजीत ते बरोबरच आहे, तिथली अक्षरं तळाच्या रेघेवर बसतात. देवनागरीत मात्र सगळ्यांना सामाईक असते ती डोक्यावरची रेघ. पाय सगळ्यांचे सारखे नसतात. ‘ग’चा दंड सरळ खाली येऊन थांबतो, ‘र’ तिरकी तंगडी टाकतो, ‘ड’ आणि ‘ह’ खाली वळून संपतात. असे नाना तऱ्हेचे पाय एका रेघेवर टेकवायला गेलं की डोकी खालीवर होतात, आणि मग शिरोरेषा लाटेसारखी हलते. अक्षर वाईट दिसतं म्हणून लोक वळणाला दोष देतात. खरी गडबड बहुधा रेघेची बाजू चुकल्यामुळे झालेली असते.

वर्गात एक काका येतात. त्यांच्या वाड्यातल्या काही खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत आणि पावत्या ते अजून हातानेच लिहितात. त्यांना सुंदर अक्षर नको होतं, भाडेकरूला पावती वाचता यावी एवढंच हवं होतं. म्हणून सरावालाही त्यांचाच शब्द घेतला, ‘घरभाडे’. बाराखडी गिरवण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण या एका शब्दात दंडाची अक्षरं आहेत, बिनदंडाची आहेत, काना आहे, मात्रा आहे, आणि शिरोरेषा तुटते अशी जागाही आहे.

आधी उंची ठरवली. एकेरी वहीत दोन रेघांमधलं अंतर साधारण ८ मिलिमीटर असतं. अक्षर वरच्या रेघेला टांगायचं आणि मधल्या जागेचा अर्धा भाग, म्हणजे ४ मिलिमीटरच वापरायचा. त्याखालचे २ मिलिमीटर या ओळीच्या उकारांसाठी आणि उरलेले २ मिलिमीटर खालच्या ओळीच्या मात्रा-वेलांट्यांसाठी. काकांचं अक्षर जवळजवळ पूर्ण जागा व्यापत होतं, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसायचा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनावरच आहे. ओळीला ओळ लागू नये, मात्रा-वेलांट्या नीट असाव्यात, हे समर्थांनी तिथे सांगितलेलं आहे. बोरूच्या काळातली ही शिकवण बॉलपेनलाही तशीच लागू पडते. सुरुवातीला पेन्सिलीने ४ मिलिमीटरवर एक फिकट रेघ मारून घ्यायची. मात्र ती फक्त दंड कुठे थांबतो ते पाहायला. त्या रेघेवर अक्षर बसवायचं नाही.

मग ‘घ’. काका तो एका झटक्यात काढत होते. वरचा अर्धगोल, खालचा अर्धगोल, तिथून पेन न उचलता वर चढायचं आणि त्याच वाटेने दंड खाली आणायचा. वर चढताना हात आपोआप उजवीकडे कलतो, म्हणून दंडही कलता यायचा, आणि त्याचं टोक कधी रेघेच्या वर, कधी खाली. मी त्यांना पेन उचलायला लावलं. आधी दोन्ही अर्धगोल, डावीकडे फुगलेले, वरचा लहान आणि खालचा थोडा मोठा. खालचा अर्धगोल उजवीकडे जिथे संपतो तिथे थांबायचं. मग पेन उचलून रेघेवर न्यायचं आणि दंड वरून खाली, एका दमात. अर्धगोल दंडाला पायाच्या जरा वर भेटतो, दंड त्याच्या खालीही थोडा उतरतो. तेवढं उतरणं राहिलं तर ‘घ’ खुरटा दिसतो.

“बाई, प्रत्येक अक्षराला पेन उचललं तर पावती कधी संपायची?” काकांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. उचलण्याने वेळ जातोच, पण थोडा. जास्त वेळ जातो तो अडखळण्यात, पुढची रेघ कुठून काढायची हे हाताला ठाऊक नसण्यात. क्रम पक्का झाला की उचलणं इतकं छोटं होतं की पेन कागदापासून जेमतेम सुटतं.

दंड सरळ येत नसेल तर मी बोटांआधी कागद बघते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने वही किंचित डावीकडे तिरपी ठेवली की दंड स्वतःच्या छातीच्या दिशेने ओढता येतो. तपासायचं कसं? लिहिलेल्या ओळीतले सगळे दंड आणि काने पट्टी लावून पेन्सिलीने वरखाली वाढवायचे. सगळ्या रेघा एकाच बाजूला सारख्या झुकल्या असतील तर दोष कागदाच्या कोनाचा, तो मिनिटात सुटतो. एक इकडे, एक तिकडे असेल तर दंड चढत्या हाताने काढला जातोय, म्हणजे पुन्हा ‘घ’कडे.

‘भ’पाशी खरं काम लागतं. ‘भ’ आणि ‘म’, तसेच ‘ध’ आणि ‘घ’. या जोड्यांत फरक दोनच जागी आहे, सुरुवातीची मुरड आणि शिरोरेषेतली फट. काका शब्द पुरा करून डोक्यावरून एक लांब रेघ ओढायचे, आणि ‘घरभाडे’चं ‘घरमाडे’ व्हायचं. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून मग तिला अक्षरं टांगत. बाळबोधीत तसं चालत नाही, कारण रेघ कुठे तोडायची हे अक्षर ठरवतं. म्हणून क्रम असा: शब्दातली सगळी अक्षरं, दंड आणि कान्यासकट, आधी लिहायची. मग शिरोरेषा ‘घ’पासून ‘र’पर्यंत, आणि तिथे थांबायचं. ‘भ’ची मुरड मोकळी सोडून त्याच्या दंडाच्या किंचित डावीकडून पुन्हा सुरुवात करायची आणि कान्यावरून ‘ड’च्या शेवटापर्यंत न्यायची. मात्रा सर्वांत शेवटी, कारण ती रेघेतून वर निघते. रेघ नसताना काढली तर अधांतरी राहते.

इथे छापील वही थोडी दगा देते. तिची निळी रेघ फटीतूनही जाते आणि निळ्या शाईत फट दिसेनाशी होते. काळं पेन घेतलं की लगेच उलगडा होतो.

घाईत शिरोरेषा अजिबात न देणारे बरेच असतात. स्वतःच्या टिपणांत माझी त्याला हरकत नाही. पण मग फट उरत नाही, आणि ‘भ’ला ‘म’पासून वेगळं ठेवायला एकटी मुरडच राहते. म्हणून रेघ सोडणाऱ्याने ती दुप्पट जपावी. नेमकी तीच आधी झिजते.

हळू लिहिताना काकांचा शब्द आता नीट येतो. वेगात लिहिलं की उंची टिकते, फटही टिकते, मात्र काना ‘भ’च्या दंडाला चिकटतो. दंड आणि काना यांच्यामधली जागा ‘भ’च्या पोटाएवढी तरी हवी, नाहीतर दोन्ही मिळून एक जाड दंड वाटतो. सध्या आम्ही ‘भाभा’, ‘घाघा’ असे निरर्थक जोड लिहितोय, पावती लिहितात त्याच वेगाने. ते सुटलं की कोऱ्या कागदाकडे वळायचं आहे, कारण पावतीपुस्तकातल्या ओळी ८ मिलिमीटरच्या नाहीत. तिथे उंची रेघेवरून नाही, आधीच्या अक्षरावरून घ्यावी लागेल.